त्याच दाबाला दोन घनफळे

फुफ्फुसाच्या आत आणि बाहेर १० सेंटिमीटर पाण्याइतका दाबाचा फरक आहे, एवढे कुणी सांगितले, तर त्या फुफ्फुसात हवा किती आहे हे सांगता येत नाही. दाब बरोबर मोजला असला, फुफ्फुस किती मोठे आहे हे माहीत असले, तरीही सांगता येत नाही. त्या दाबापर्यंत ते फुगत फुगत आले की आधी पूर्ण फुगून मग आकसत आले, हे कळल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. या पुस्तिकेचा सारा विषय या एका गोष्टीभोवती फिरतो. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर सांभाळणारे निवासी डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि शरीरशास्त्र मनापासून शिकू पाहणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे. पुढच्या प्रकरणांतले आलेख समजायचे तर हा पाया आधी नीट भरलेला हवा, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

मूळ प्रयोग साधा आहे. प्राण्याचे फुफ्फुस छातीतून वेगळे काढायचे, त्याच्या श्वासनलिकेत नळी घट्ट बांधायची आणि मोठ्या सिरिंजने त्यात थोडी थोडी हवा सोडायची. प्रत्येक वेळी काही सेकंद थांबायचे, दाब स्थिरावू द्यायचा आणि मग तो टिपायचा. आडव्या अक्षावर दाब, उभ्या अक्षावर घनफळ. सुरुवातीला दाब वाढत राहतो, पण हवा फारशी आत जात नाही, रेषा जवळजवळ आडवी धावते. पुढे एका टप्प्यानंतर ती झपाट्याने वर चढते आणि फुफ्फुस भरत आले की पुन्हा सपाट होते. आता त्याच गतीने, तसेच थांबत थांबत हवा काढायला लागा. आलेख आल्या वाटेने परत जात नाही. दाब निम्मा झाला तरी बरीचशी हवा आतच असते. उतरती रेषा चढत्या रेषेच्या वरून येते आणि दोन्हींच्या मध्ये एक फट उरते. या फटीला हिस्टेरेसिस म्हणतात.

इथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर दर श्वासाला जो दाब-घनफळाचा फास दिसतो, तो म्हणजे हे हिस्टेरेसिस नव्हे. तिथे हवा वाहत असते. नळीतून आणि श्वासमार्गांतून ती ढकलायला जो जास्तीचा दाब लागतो, तोही त्या फासात मिसळलेला असतो. दम्याच्या रुग्णाचा फास रुंद दिसतो तो मुख्यतः या रोधामुळे. फरक ओळखायची खूण सोपी आहे. प्रवाह थांबवा. प्रवाह थांबताच जी रुंदी नाहीशी होते ती रोधाची, आणि प्रवाह शून्य असतानाही जी उरते तीच फुफ्फुसाची स्वतःची. म्हणूनच त्या मूळ प्रयोगात प्रत्येक पायरीवर थांबावे लागते.

मग ही उरलेली फट कशामुळे पडते? पहिला धागा १९२९ मध्ये कुर्ट फॉन नीरगार्ड या शास्त्रज्ञाच्या हाती लागला. त्याने डुकराची फुफ्फुसे आधी हवेने भरली आणि नंतर डिंक घातलेल्या द्रावणाने. द्रावणाने भरताना फारच कमी दाब पुरला. त्यातून त्याने ताडले, की फुफ्फुस आकसू पाहते त्या ओढीचा निम्म्याहून मोठा भाग पेशीजालाच्या लवचीकपणातून येत नाही. तो हवा आणि ओलावा जिथे एकमेकांना भिडतात त्या पृष्ठभागाच्या ताणातून येतो. द्रव भरला की हा पृष्ठभागच उरत नाही, म्हणून ती ओढही जाते. पुढे १९५० च्या दशकात जेरे मीड, एडवर्ड रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग हिस्टेरेसिसच्या अंगाने पाहिला. सलाइनने भरलेल्या फुफ्फुसाच्या चढत्या आणि उतरत्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. म्हणजे हवा भरताना दिसणारी फट बहुतांशी त्या पृष्ठभागापाशी जन्म घेते.

पृष्ठताण किती दाब मागतो, याचा हिशोब एकदा हाताने करून पाहावा. गोलाकार पोकळीसाठी लाप्लासचे सूत्र P = 2T/r असे आहे. T म्हणजे पृष्ठताण, r म्हणजे त्रिज्या. वायुकोशाची त्रिज्या ढोबळमानाने ०.१ मिलिमीटर धरू. आत साधे पाणी पसरलेले असते, तर शरीराच्या तापमानाला त्याचा पृष्ठताण सुमारे ७० मिलिन्यूटन प्रति मीटर असता, आणि वायुकोश उघडा ठेवायला १४ सेंटिमीटर पाण्याइतका दाब लागला असता. पृष्ठताण ३० असेल तर ६ सेंटिमीटर पुरतात. तो ५ वर आला तर अवघा १. वायुकोश खरोखर असे सुटे गोळे नाहीत. ते एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्यांच्या भिंती सामाईक असतात, म्हणून या आकड्यांकडे अंदाज म्हणूनच पाहायचे. पण मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. त्रिज्या तीच असताना पृष्ठताण बदलला, तर ती त्रिज्या टिकवायला लागणारा दाबही बदलतो.

आणि फुफ्फुसात तो सतत बदलतो. १९५५ मध्ये रिचर्ड पॅटल यांना फुफ्फुसातून आलेल्या फेसाचे बुडबुडे विलक्षण टिकाऊ असल्याचे दिसले. त्यांच्या पृष्ठभागावर ताण जवळपास उरलेलाच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९५७ मध्ये जॉन क्लेमेंट्स यांनी फुफ्फुसाच्या अर्काचा पातळ थर एका उथळ पात्रात पसरवला आणि सरकत्या पट्टीने त्याचे क्षेत्रफळ कमी-जास्त करत ताण मोजला. थर दाबला की ताण खूप खाली जाई, पसरवला की चढे. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. क्षेत्रफळ तेच असले, तरी पसरताना ताण जास्त आणि दाबताना कमी मिळत होता. फुफ्फुसाच्या आलेखातली फट त्या उथळ पात्रातही दिसत होती.

असे का होते, हे सर्फॅक्टंटच्या रेणूंच्या वागण्यातून समजते. हा पदार्थ बहुतांशी स्निग्ध रेणूंचा असतो आणि त्यात डायपाल्मिटॉइल फॉस्फॅटिडिलकोलिन, म्हणजे डीपीपीसी, याचा वाटा सर्वांत मोठा असतो. श्वास सोडताना वायुकोशाचा पृष्ठभाग आकसतो आणि त्यावरचे रेणू दाटीवाटीने उभे राहतात. दाटी फार झाली की कमी घट्ट बसणारे रेणू थराखाली ढकलले जातात, वर डीपीपीसीचा ताठ थर उरतो आणि ताण शून्याच्या जवळ येतो. श्वास घेताना उलटे घडते, पण त्याच क्रमाने नाही. पृष्ठभाग भराभर वाढतो आणि खाली गेलेले रेणू मात्र तितक्या वेगाने वर परतून जागा भरू शकत नाहीत. सर्फॅक्टंटमधली बी आणि सी ही प्रथिने त्यांना वर यायला मदत करतात, तरीही थोडा उशीर होतोच. तेवढ्या काळात थर विरळ असतो आणि ताण जास्त राहतो. १९७६ मध्ये शुर्श, गोर्के आणि क्लेमेंट्स यांनी वायुकोशांत फ्लुओरोकार्बनचे सूक्ष्म थेंब ठेवून हा ताण थेट फुफ्फुसात मोजला. पूर्ण फुगलेल्या फुफ्फुसात तो ३० च्या आसपास होता आणि आकसलेल्यात अगदी कमी. वरच्या हिशोबातले ३० आणि ५ हे आकडे त्यामुळे अगदीच कल्पनेतले नाहीत.

दुसरे कारण याच्या शेजारीच उभे आहे, पण ते वेगळे मोजावे लागते. पूर्ण आकसलेल्या फुफ्फुसात अनेक बारीक श्वासमार्ग आणि वायुकोश नुसते लहान झालेले नसतात, तर बंद पडलेले असतात. त्यांच्या ओल्या भिंती एकमेकींना चिकटतात किंवा मध्ये द्रवाचा बोळा अडकतो. भाजीवाल्याकडच्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचे चिकटलेले तोंड सोडवताना जसा जोर लागतो आणि एकदा सुटले की पिशवी सहज उघडी राहते, तसेच इथे घडते. प्रत्येक भागाचा उघडण्याचा एक दाब असतो आणि मिटण्याचा दुसरा. उघडण्याचा दाब नेहमी जास्त असतो. चढत्या रेषेवर हे हजारो भाग एकामागून एक उघडत जातात, तर उतरत्या रेषेवर त्यातले बहुतेक बराच काळ उघडेच राहतात. म्हणून त्याच दाबाला उतरताना फुफ्फुसात अधिक हवा असते, कारण हवा धरणारे भागच संख्येने जास्त असतात.

तिसरे कारण पेशीजालाचे. कोलॅजन आणि इलॅस्टिनचे तंतू ताणून तसेच धरले, तर त्यांतला ताण हळूहळू सैलावतो. सलाइनने भरलेल्या फुफ्फुसात जी बारीक फट उरते ती बहुधा यांची. ती इतकी लहान असते की पुढच्या विवेचनात मी तिच्याकडे फारसे पाहिलेले नाही.

या कारणांचे वाटे ठरलेले नसतात. आपण किती खालून सुरुवात करतो यावर ते बदलतात. शांत श्वासात निरोगी माणसाचे फुफ्फुस फारसे मिटतच नाही आणि घनफळातला बदलही लहान असतो, म्हणून फट अगदी अरुंद राहते. हवा पूर्ण काढून टाकलेले फुफ्फुस पहिल्यांदा भरताना ती सर्वांत रुंद असते आणि दुसऱ्यांदा लगेच भरले तर कमी होते. मीड आणि कॉलियर यांनी १९५९ मध्ये भूल दिलेल्या कुत्र्यांत दाखवले, की एकसारखे उथळ श्वास देत राहिले तर फुफ्फुस हळूहळू ताठर होत जाते आणि एक-दोन खोल श्वासांनी पुन्हा पूर्ववत होते. खोल श्वास फुफ्फुसाला वरच्या टोकापर्यंत नेतो आणि तिथून ते उतरत्या रेषेवर परत येते. आपल्याला अधूनमधून आपोआप येणारा दीर्घ उसासाही हेच काम करत असतो.

आता हा सिद्धान्त जिथे जीवन-मरणाशी भिडतो ते उदाहरण घेऊ. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे फुफ्फुस. १९५९ मध्ये मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले, की श्वसनाच्या विकाराने दगावलेल्या अशा बाळांच्या फुफ्फुसाच्या अर्कात पृष्ठताण पुरेसा खाली येतच नाही, कारण सर्फॅक्टंट अपुरे असते. अशा फुफ्फुसाचा आलेख पाहिला की आजार नेमका कुठे आहे ते दिसते. चढती रेषा अवघड होते, हे खरेच. पण त्याहून मोठे नुकसान उतरत्या रेषेचे होते. निरोगी नवजात फुफ्फुस एकदा भरले, की दाब ५ ते १० सेंटिमीटरपर्यंत उतरला तरी बरीच हवा धरून ठेवते. आजारी फुफ्फुसातली हवा तेवढ्या दाबाला जवळजवळ निघून जाते. म्हणजे हिस्टेरेसिस हा फुफ्फुसाचा दोष नव्हे. त्याची उतरती रेषा उंच राहणे हीच जगण्याची सोय आहे. प्रत्येक श्वासानंतर पुन्हा पहिल्या श्वासाइतका जोर लावावा लागत नाही, तो तिच्यामुळेच. आपल्याकडच्या नवजात विभागांत वापरला जाणारा बबल सीपॅप याच रेषेच्या आधाराने चालतो. नळीचे टोक पाण्यात ५-६ सेंटिमीटर बुडवून ठेवतात. तेवढा दाब मिटलेले फुफ्फुस उघडायला बहुधा पुरत नाही, पण बाळाच्या स्वतःच्या श्वासांनी उघडलेले भाग उघडे ठेवायला उपयोगी पडतो.

ज्या बाळाला एवढ्यावर भागत नाही, त्याचे काय? समजा, २७ आठवड्यांचे, ९०० ग्रॅमचे बाळ हाय फ्रीक्वेन्सी व्हेंटिलेटरवर आहे. या यंत्रात सरासरी दाब एका पातळीवर ठेवून त्यावर अगदी लहान, जलद हेलकावे दिले जातात. त्यामुळे आपण दाब-घनफळाच्या आलेखावर नेमके कुठे उभे आहोत हे त्या सरासरी दाबाशी जोडता येते. घनफळ थेट मोजता येत नाही, म्हणून रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ठरलेल्या पातळीवर राखायला किती टक्के ऑक्सिजन द्यावा लागतो हे पाहायचे. जितके भाग उघडे, तितका ऑक्सिजन कमी लागतो. पुढचे आकडे पद्धत समजावण्यापुरते घेतले आहेत.

सुरुवात ८ सेंटिमीटरवर. बाळाला ६० टक्के ऑक्सिजन लागतो. दर काही मिनिटांनी दाब २ सेंटिमीटरने वाढवत नेतो. १४ वर अजून ५० टक्के, १८ वर ३२, आणि २० वर २५ टक्के पुरतो. फुफ्फुस बहुतांशी उघडले, म्हणून इथे थांबायचे. आता दाब पायरीपायरीने उतरवायचा. १८, १६, १४, तिन्हींवर २५ टक्केच पुरतो. १२ वर येताच रक्तातला ऑक्सिजन घसरू लागतो. म्हणजे काही भाग मिटू लागले. हा मिटण्याचा दाब. आता पुन्हा थोडा वेळ २० वर जाऊन मिटलेले भाग उघडायचे आणि मिटण्याच्या दाबाच्या २ सेंटिमीटर वर, म्हणजे १४ वर, यंत्र लावायचे. शेवटची फेरी टाळून १२ वरून थेट १४ वर गेलो, तर ते पुन्हा चढत्या वाटेने जाणे ठरते आणि मिटलेले सगळे भाग परत उघडत नाहीत. १४ याच दाबाला चढताना ५० टक्के ऑक्सिजन लागत होता, उतरताना २५ टक्के पुरला. फरक दाबात नव्हता, वाटेत होता.

यानंतर बाळाला सर्फॅक्टंट दिले, तर आलेखच बदलतो. उघडण्याचा आणि मिटण्याचा असे दोन्ही दाब खाली येतात. आता १४ सेंटिमीटरला फुफ्फुसात आधीपेक्षा बरीच जास्त हवा मावते आणि ऑक्सिजन छान दिसत असतानाच ते जास्त फुगलेले असू शकते. ऑक्सिजनचा आकडा हा धोका सांगत नाही. तो इतर खुणांतून ओळखावा लागतो. रक्तदाब उतरतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो, क्ष-किरण चित्रात पडदा खाली ढकलून सपाट झालेला दिसतो. म्हणून सर्फॅक्टंटनंतर दाब न रेंगाळता उतरवत न्यावा आणि नवा मिटण्याचा दाब शोधावा. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवायची. हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या अडचणीमुळे रक्त हवेला न भेटताच पुढे जात असेल, तर दाब कितीही वाढवला तरी ऑक्सिजन सुधारत नाही. तिथे हा आकडा आलेखावरचे स्थान सांगत नाही आणि त्यावर विसंबून दाब चढवत जाणे घातक ठरते.

मोठ्या माणसांत हेच तत्त्व जसेच्या तसे लागू करताना वैद्यक अडखळले आहे. तीव्र श्वसनविकारात, म्हणजे एआरडीएसमध्ये, चढत्या रेषेला जिथे खालचा बाक येतो तिथे सगळे भाग उघडून झाले, असे पूर्वी मानले जाई आणि त्याच्या थोडे वर पीप लावला जाई. पुढे लक्षात आले की त्या बाकानंतरही, जवळपास पूर्ण चढत्या रेषेवर, नवे भाग उघडत राहतात. शिवाय पीप हा श्वास सोडल्यानंतर उरणारा दाब आहे. तो किती असावा हे मिटण्यावरून ठरायला हवे, उघडण्यावरून नव्हे. पण एवढे समजूनही यश हमखास मिळत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एआरटी या मोठ्या चाचणीत हजारावर रुग्णांपैकी निम्म्यांची फुफ्फुसे जास्त दाबाने उघडून मग पीप ठरवला गेला. त्या गटात २८ दिवसांतले मृत्यू कमी न होता वाढले, दुसऱ्या गटातल्या ४९ टक्क्यांसमोर ५५ टक्के. अनेक प्रौढ रुग्णांच्या फुफ्फुसात मिटलेल्या भागांपेक्षा द्रवाने किंवा दाहाने भरलेले भाग जास्त असतात. ते दाबाने उघडत नाहीत आणि जे निरोगी उरलेत तेच जास्त ताणले जातात. ज्या फुफ्फुसात उघडण्यासारखे काही नाही, तिथे दोन रेषांमधली फट अरुंद असते. अशी अरुंद फट दिसली, तर जास्त दाबाचा मोह आवरावा.

ही फट मोजतानाही सावध राहावे लागते. रुग्णाच्या फुफ्फुसात मोठ्या सिरिंजने १०० मिलिलिटरच्या पायऱ्यांनी हवा भरून परत काढण्याला मिनिटभर लागले, तर तेवढ्या वेळात रक्त ऑक्सिजन शोषत राहते. प्रौढ माणूस मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. बदल्यात बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड कोंडलेल्या हवेत लवकर साठतो आणि ती तूट भरून काढत नाही. सिरिंजमध्ये परत आलेली हवा त्यामुळे कमी भरते. आलेख सिरिंजच्या आकड्यांवरून काढला की उतरती रेषा प्रत्यक्षापेक्षा वर जाते आणि नसलेले हिस्टेरेसिस कागदावर उमटते. नळीच्या सांध्यातून थोडी गळती झाली तरी तसेच दिसते. दाब शून्यावर आल्यावरही आलेख बंद होत नसेल, तर फुफ्फुसात हवा अडकली असे ठरवण्याआधी गळती आणि शोषण हे दोन्ही हिशोबात घ्यावेत. याच्या दुरुस्तीची कृती मोजमापाच्या प्रकरणात पायरीपायरीने दिली आहे.

पुस्तिकेची रचना याच क्रमाने आहे. आधी सुटे फुफ्फुस, मग पृष्ठभागावरचा थर, मग मिटणे-उघडणे, त्यानंतर नवजात बाळ आणि शेवटी प्रौढ रुग्ण. प्रत्येक प्रकरणातला आलेख वाचकाने स्वतःच्या हाताने काढून पाहावा, अशी माझी विनंती आहे. चढती रेषा आणि उतरती रेषा वेगळ्या रंगांत काढाव्यात आणि रुग्णाचा प्रत्येक दाब मांडताना तो कोणत्या रेषेवर पडतो हे लिहावे. नुसत्या दाबाच्या नोंदीवरून पुढच्या पाळीतल्या माणसाला फुफ्फुसाची स्थिती कळत नाही. दाबाशेजारी, शेवटचे पूर्ण कधी आणि किती दाबाला उघडले आणि त्यानंतर नळी कधी सुटली होती का, एवढे लिहिले तर कळते. व्हेंटिलेटरची नळी क्षणभर जरी सुटली, तरी उतरत्या रेषेवर असलेले फुफ्फुस खाली कोसळते, आणि नळी जोडून दाबाचा आकडा पुन्हा तोच दिसला तरी ते आता चढत्या रेषेवर असते. तो आकडा पाहून निश्चिंत न होता, फुफ्फुस पुन्हा उघडायचे की नाही हे तिथल्या तिथे ठरवावे लागते. हा निर्णय समजून घेता यावा, यासाठीच पुढची पाने आहेत.